फुटक्या लाल पेशींचा माग

हिमोग्लोबिन ७.८, प्लेटलेट्स ५८ हजार, क्रिएटिनिन ६.४. एकाच रुग्णाच्या अहवालात हे तीन आकडे शेजारी शेजारी दिसले की त्यांची तीन वेगळी कारणे शोधत बसू नये. रक्त कमी झाले म्हणून लोहाची गोळी, प्लेटलेट्स घटल्या म्हणून डेंग्यूची तपासणी आणि क्रिएटिनिन वाढले म्हणून पोटाची सोनोग्राफी, अशा तीन वाटांनी गेले तर मोलाचे दोन दिवस वाया जातात. तिन्ही आकड्यांमागे एकच गोष्ट असू शकते: अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये ठिकठिकाणी धरलेल्या बारीक गुठळ्या. वैद्यकात याला थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी, म्हणजेच टीएमए म्हणतात.

आत घडते ते असे. बारीक रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते. त्या जागी प्लेटलेट्स चिकटतात आणि गुठळी बनते, म्हणून रक्तातल्या प्लेटलेट्स घटतात. अरुंद झालेल्या वाटेतून लाल पेशी दाबाने रेटल्या जातात, गुठळीच्या धाग्यांवर कापल्या जातात आणि त्यांचे तुकडे होतात. मूत्रपिंडातला गाळणीचा गुच्छ म्हणजे केशवाहिन्यांचे जाळेच. तिथले रक्त अडले की गाळणे थांबते आणि क्रिएटिनिन चढते. टीएमए हे मात्र निदान नव्हे, ते नुकसानीचे स्वरूप आहे. अस्तराला इजा कशाने झाली हे शोधणे हेच खरे काम. कारणानुसार उपचार पार बदलतात आणि काही कारणांत उशीर जिवावर बेततो.

पहिली पायरी म्हणजे रक्ताची काचपट्टी. पेशी मोजणारे यंत्र तुटक्या पेशींची खात्रीशीर नोंद देत नाही. ताज्या रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून, रंगवून, जाणत्या माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तुटक्या पेशींना शिस्टोसाइट म्हणतात. कुणी शिरस्त्राणासारखी, कुणी त्रिकोणी, तर कुणी दोन शिंगे फुटल्यासारखी दिसते. शंभर लाल पेशींत एकापेक्षा जास्त शिस्टोसाइट असतील आणि पेशींमधला तोच मुख्य बिघाड असेल, तर प्रौढांमध्ये टीएमएची शंका पक्की धरतात. इथे एक गफलत नेहमी होते. किडनी निकामी झालेल्या रुग्णांत काटेरी कडांच्या लाल पेशी दिसतात. त्या तुटलेल्या नसतात, फक्त आकार बिघडलेल्या असतात. त्यांनाच शिस्टोसाइट म्हटले गेले की पुढचा सगळा तपास भरकटतो. पट्टी पाहताना प्लेटलेट्सचे पुंजकेही तपासावेत. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला त्या खोट्याच कमी दिसतात.

पेशी खरोखर रक्तप्रवाहात फुटत आहेत का, हे बाकीच्या चाचण्या सांगतात. फुटक्या पेशींतून एलडीएच हे विकर बाहेर पडते, म्हणून ते वाढते. मोकळ्या हिमोग्लोबिनला धरून ठेवणारे हॅप्टोग्लोबिन संपून जाते. अस्थिमज्जा भरपाई करू लागते, म्हणून रेटिक्युलोसाइट या तरुण पेशी वाढतात. कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह यायला हवी. ती पॉझिटिव्ह असेल तर पेशी प्रतिपिंडांमुळे फुटत असण्याचा संभव जास्त. रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि फायब्रिनोजेन टीएमएत बहुधा ठीक असतात. ते बिघडले असतील तर गंभीर जंतुसंसर्गात होणारी, सगळीकडे रक्त गोठण्याची अवस्था आधी आठवावी. बी १२ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरताही हुबेहूब असे सोंग घेते: तुटक्या पेशी, कमी प्लेटलेट्स, प्रचंड एलडीएच. तिथे मात्र रेटिक्युलोसाइट कमी असतात आणि लाल पेशी बहुधा आकाराने मोठ्या असतात. ही साधी तपासणी वगळल्यामुळे एखाद्याच्या रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, विनाकारण काढून दात्याचा घातला जाऊ शकतो.

आता एका नमुनेदार रुग्णाचा तपास सुरुवातीपासून पाहू. ३६ वर्षांचा पुरुष, वजन ७० किलो. चार दिवस थकवा, पायांवर सूज, लघवी कमी आणि गडद. रक्तदाब २०४/१२२. वर दिलेले तिन्ही आकडे त्याचेच. एलडीएच १४५०, म्हणजे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या पाचपटींहून अधिक. हॅप्टोग्लोबिन मोजता येण्याइतकेही नाही. पट्टीवर ३ टक्के शिस्टोसाइट. कूम्ब्स निगेटिव्ह, रक्त गोठण्याच्या चाचण्या ठीक, बी १२ ठीक, लाल पेशींचा आकार ८६. जुलाब नाहीत, कोणतेही औषध चालू नाही.

पहिला प्रश्न एकच: हा थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा, म्हणजेच टीटीपी आहे का? या आजारात ॲडॅमटीएस-१३ हे विकर जवळपास नाहीसे होते. व्हॉन विलेब्रँड हे लांबलचक, चिकट प्रथिन कापून आखूड करणे हे त्या विकराचे काम. ते झाले नाही की लांब धाग्यांना प्लेटलेट्स लटकत राहतात आणि मेंदू व हृदयातल्या वाहिन्या अडतात. प्लाझ्मा बदलण्याचा उपचार येण्याआधी दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण दगावत असत, म्हणून हा प्रश्न रांगेत सर्वांच्या पुढे. विकराची पातळी १० टक्क्यांच्या खाली आली की निदान जवळपास ठरते. अहवाल यायला मात्र अनेक ठिकाणी काही दिवस लागतात.

तोवर अंदाज बांधायला प्लाझ्मिक नावाची सात गुणांची मोजणी वापरतात. प्लेटलेट्स ३० हजारांच्या खाली, पेशी फुटत असल्याचा पुरावा, सध्या कर्करोग नाही, अवयव किंवा मूळपेशींचे प्रत्यारोपण झालेले नाही, लाल पेशींचा आकार ९० पेक्षा लहान, रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर १.५ पेक्षा कमी आणि क्रिएटिनिन २ पेक्षा कमी, या प्रत्येकाला एक गुण. सहा-सात गुण म्हणजे टीटीपीची दाट शक्यता, चार किंवा कमी म्हणजे शक्यता कमी. आपल्या रुग्णाला प्लेटलेट्सचा आणि क्रिएटिनिनचा गुण मिळत नाही, बाकीचे पाच मिळतात. पाच म्हणजे अधांतरी. पण गुण कोणते गेले हे पाहिले तर बरेच कळते. टीटीपीत प्लेटलेट्स तळाला जातात आणि किडनी तुलनेने वाचते. इथे चित्र उलटे आहे. तरीही निव्वळ अंदाजावर प्लाझ्मा बदलणे लांबवू नये.

तपासातली सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी इथे होते. ॲडॅमटीएस-१३ चे रक्त प्लाझ्मा द्यायच्या आधीच काढले पाहिजे. दात्याच्या प्लाझ्मातून तेच विकर शरीरात जाते आणि शून्याच्या जागी ३० टक्के दिसू लागतात. नळीही निळ्या झाकणाची, सायट्रेट असलेली हवी. हे विकर धातूंच्या अणूंवर चालते. जांभळ्या नळीतले ईडीटीए ते धातू ओढून घेते आणि निरोगी माणसाचेही विकर शून्यावर आल्यासारखे दिसते. त्याच वेळी जंतूंशी लढणाऱ्या कॉम्प्लिमेंट साखळीतली सी ३ आणि सी ४ ही प्रथिने आणि त्या साखळीला आवरणाऱ्या फॅक्टर एच विरुद्धची प्रतिपिंडे यांसाठी नमुने काढून ठेवावेत. एचआयव्ही, ल्युपस आणि फॉस्फोलिपिड प्रतिपिंडे यांचेही नमुने तेव्हाच घ्यावेत. रक्तस्राव होत नसेल तर केवळ आकडा सुधारण्यासाठी प्लेटलेट्स चढवू नयेत.

जुलाब नसले तरी शौचाचा नमुना पाठवावा. शिगा विष बनवणारे ई. कोलाय जंतू मुख्यतः मुलांना त्रास देतात असा समज आहे, पण २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून पसरलेल्या साथीत किडनीपर्यंत मजल गेलेले बहुतेक रुग्ण प्रौढ होते. ओ १५७ हा नेहमीचा प्रकार शोधणाऱ्या खास माध्यमावर त्या साथीचा ओ १०४ प्रकार वेगळा ओळखू येत नव्हता. म्हणून नुसते कल्चर पुरत नाही, विषाच्या जनुकाची चाचणी लागते.

आपल्या रुग्णाचे नमुने गेले आणि त्याच संध्याकाळी प्लाझ्मा बदलणे सुरू झाले, एका वेळी सुमारे ३ लिटर. तिसऱ्या दिवशी अहवाल आला: ॲडॅमटीएस-१३ ची पातळी ५४ टक्के. टीटीपी नाही. शौचात विषाचे जनुक नाही. प्लाझ्मा बदलणे थांबले.

उरला रक्तदाब. इतका दाब स्वतःच वाहिन्यांचे अस्तर फाडून टीएमए घडवतो, आणि उलट टीएमएने बिघडलेली किडनीही दाब इतका चढवते. आधी कोण, नंतर कोण? डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव व सूज असेल आणि हृदयाची भिंत जाड झाली असेल, तर दाब जुना असावा. इथे पडदा जवळपास ठीक होता आणि भिंत जाड नव्हती. निर्णायक ठरला तो कालक्रम. दाब पहिल्या दिवसात सावकाश, साधारण चतुर्थांशाने खाली आणला आणि चौथ्या दिवशी १४०/८५ वर स्थिर झाला. दाबामुळे झालेल्या टीएमएत दाब आवरल्यावर प्लेटलेट्स काही दिवसांत वर येऊ लागतात. इथे पाचव्या दिवशीही त्या ६४ हजारांवरच अडल्या होत्या, एलडीएच ११०० आणि क्रिएटिनिन ७.१. डायलिसिस सुरू करावा लागला. दाब आवरूनही प्लेटलेट्स न चढणे हे कॉम्प्लिमेंटकडे बोट दाखवते.

कॉम्प्लिमेंट ही जंतूंना भोके पाडणारी प्रथिनांची साखळी. स्वतःच्या पेशींवर ती चालू नये म्हणून फॅक्टर एच सारखी प्रथिने तिला लगाम घालतात. लगाम सुटला की किडनीतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरावर हल्ला होतो. या रुग्णाचे सी ३ कमी आणि सी ४ ठीक होते, म्हणजे बिघाड बोलका होता. पण अनेक रुग्णांत सी ३ ही ठीक येते. म्हणून ते ठीक आले तरी हा आजार नाकारता येत नाही. जनुकांच्या चाचणीला आठवडे लागतात आणि बऱ्याच रुग्णांत त्यात काहीच सापडत नाही. उपचार तिच्यासाठी थांबवायचे नसतात. बायोप्सी टीएमए दाखवते, पण ते कॉम्प्लिमेंटमुळे आहे की दाबामुळे हे सहसा सांगत नाही. शिवाय कमी प्लेटलेट्स आणि चढ्या दाबात रक्तस्रावाची भीती असतेच.

सहाव्या दिवशी एक्युलिझुमॅब सुरू झाले: पहिले चार आठवडे दर आठवड्याला ९०० मिलिग्रॅम, मग १२०० मिलिग्रॅम, पुढे दर दोन आठवड्यांनी तेवढेच. हे औषध साखळीतली सी ५ ही कडी अडवते. नेमक्या त्याच कडीवर मेंदूज्वराच्या मेनिंगोकोकस जंतूशी शरीराची झुंज अवलंबून असते. म्हणून लस लगेच द्यावी लागते आणि लसीचा परिणाम दिसेपर्यंत प्रतिजैविक चालू ठेवावे लागते. दहा दिवसांत प्लेटलेट्स दीड लाखांवर गेल्या आणि मग एलडीएच उतरले. किडनी सर्वांत शेवटी सावरली. डायलिसिस पाच आठवड्यांनी थांबला आणि क्रिएटिनिन २.१ वर ठरले.

तोपर्यंत जनुकांचा अहवाल आला होता: फॅक्टर एच च्या जनुकात बदल. किडनी कधी पूर्ण निकामी झाली तर पुढची आखणी या माहितीवर ठरते. फॅक्टर एच यकृतात तयार होऊन रक्तात फिरते, त्यामुळे नवी किडनी बसवली तरी सदोष प्रथिन तेच राहते आणि संरक्षक औषधाशिवाय आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. बदल एमसीपी या प्रथिनाच्या जनुकात असता तर धोका बराच कमी मानला गेला असता, कारण ते पेशीच्या पृष्ठभागावर बसते आणि दात्याची किडनी स्वतःचे निरोगी एमसीपी घेऊनच येते.