ध्वनी मूल्यमापन अहवाल (रहदारीच्या रस्त्यालगतची निवासी इमारत)

वर्दळीच्या रस्त्याला लागून इमारत बांधण्याआधी बाहेर किती आवाज आहे, घरात किती चालेल आणि मधला फरक कशाने भरून काढायचा, हे सांगणारा तांत्रिक दस्तऐवज. भारतात ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसा (सकाळी 6 ते रात्री 10) 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. ती घराबाहेरच्या आवाजाची आहे. महामार्गालगत ती पाळली जाणे अवघड असते आणि रस्ता बिल्डरच्या हातात नसतो. म्हणून चांगला अहवाल खोलीतल्या आवाजाचे लक्ष्यही ठरवतो. शयनगृहासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये सुचवलेली 30 डेसिबलची रात्रीची सरासरी त्यासाठी वापरता येते.

मोजणी पूर्ण रात्रभर हवी. दुपारी पंधरा मिनिटे मीटर धरून रात्रीचा अंदाज बांधला, तर पहाटेचे ट्रक सुटतात. भिंतीपासून एक मीटरवर मोजल्यास परावर्तनामुळे सुमारे 3 डेसिबल जास्त दिसतात. ते वजा केले की नाही, हे अहवालात लिहिलेले असावे.

एक उदाहरण करून पाहू. रस्त्याकडच्या बाजूला रात्री 68 डेसिबल आहेत, म्हणजे 38 डेसिबल अडवायला हवेत. विटांची भिंत 50 अडवते, साधी स्लायडिंग खिडकी जेमतेम 25. खिडकीने दर्शनी भागाचा चौथा हिस्सा व्यापला असेल, तर दोन्ही मिळून फक्त 31 अडतात आणि खोलीत ढोबळमानाने 37 डेसिबल उरतात. भिंत कितीही जाड केली तरी हा आकडा हलत नाही, कारण आवाज खिडकीतूनच येतो. तीच खिडकी 33 अडवणारी केली, की एकूण जवळपास 39 अडतात आणि लक्ष्य गाठले जाते. त्यासाठी बिजागरीवर उघडणारी, रबर गास्केटची खिडकी आणि दोन वेगळ्या जाडीच्या काचा, त्यांतली एक लॅमिनेटेड, घेतात. काच निवडताना ट्रकच्या खर्जातल्या आवाजासाठी दिलेला आकडाच पाहावा. नुसता मोठा आकडा फसवतो.

रस्त्याकडेची ध्वनिरोधक भिंत फक्त तिच्या आडोशाला येणाऱ्या खालच्या मजल्यांना उपयोगी पडते. शयनगृहे मागच्या बाजूला नेणे हा सर्वांत स्वस्त उपाय, पण नकाशा मंजूर होण्याआधी सुचला तरच.

हे सारे आकडे खिडकी बंद असतानाचे आहेत. उघडली की जेमतेम 10 ते 15 डेसिबल अडतात. त्यामुळे ताज्या हवेची सोय न सांगणारा अहवाल अपुराच म्हणावा लागतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. आतून आवाज शोषणारे अस्तर लावलेला हवामार्ग वेगळा द्यावा लागतो.

उत्तम खिडकीही बसवताना वाया जाते. गास्केटमध्ये कागदाची पट्टी धरून पल्ला बंद करावा. पट्टी ओढताच सहज निघाली, तर तिथून आवाजही आत येणार.