किनवटच्या जंगलात सिकलसेल टिकला कसा

नांदेड जिल्ह्यातले किनवट आणि माहूर हे तालुके नकाशावर मराठवाड्यात, पण सागाचं जंगल आणि गोंड, कोलाम, आंध, परधान वस्त्या पाहिल्या तर पैनगंगेपलीकडच्या विदर्भाला जास्त जवळचे. मराठवाड्यात सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचं नाव निघतं ते मुख्यतः या पट्ट्यात, आणि ते निघालं की हा अमुक समाजाचा आजार असं सहज बोललं जातं. मला ते बोलणं खटकतं, कारण या जनुकाचा माग जातीपाशी नाही, हिवतापापाशी जाऊन थांबतो.

केनियात वाढलेले डॉक्टर अँथनी ॲलिसन यांना 1949 साली तिथं रक्त तपासताना दिसलं की समुद्रकाठी आणि व्हिक्टोरिया सरोवराभोवती सिकलसेलचे वाहक भरपूर आहेत, उंच थंड डोंगरात जवळजवळ नाहीत. डासांचंही तसंच होतं. 1954 मध्ये त्यांनी हा संबंध मांडला. वाहकाला हे जनुक आई किंवा वडील, एकाकडूनच मिळालेलं असतं. फाल्सिपेरम हिवतापाचा परजीवी त्याच्या तांबड्या पेशीत शिरतो, पण तिथं नीट वाढत नाही; अशी पेशी विळ्यासारखी वाकते आणि प्लीहा तिला लवकर काढून टाकते. ताप येतोच, पण लहान मूल त्यानं दगावण्याचा धोका खूप कमी होतो.

मग हे जनुक सगळ्यांत का पसरलं नाही? जुन्या काळातल्या, औषध नसलेल्या एका काल्पनिक वस्तीचा हिशोब करू. शंभर मुलं, म्हणजे जनुकाच्या 200 प्रती, त्यातल्या 20 सिकलच्या. साधारण 81 मुलं निखळ, म्हणजे सिकलची एकही प्रत नसलेली, 18 वाहक आणि एकाला दोन्हीकडून सिकल मिळालेलं. ते एक मूल आजारानं जातं, त्याच्यासोबत सिकलच्या दोन प्रती जातात. निखळ 81 पैकी नऊ मुलं हिवताप नेतो. उरली 90 मुलं, 180 प्रती, त्यात सिकलच्या 18. प्रमाण पुन्हा दहा टक्केच! नैसर्गिक निवड इथं तोल धरून आहे, आणि त्या तोलाची किंमत दर पिढीला दहा मुलं आहे.

थॅलसेमिया, तांबड्या पेशींना जपणाऱ्या जीसिक्सपीडी या विकराची कमतरता, ईशान्येतलं हिमोग्लोबिन ई हेही हिवतापाच्याच मुलखात वाढलेले बदल. जीसिक्सपीडी कमी असलेल्याला हिवतापावरचं प्रायमाक्विन दिलं तर तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून ते देण्याआधी तपासणी महत्त्वाची.

आता वरच्या वस्तीतला हिवताप पूर्ण थांबला असं धरा. निखळ मुलं वाचतात, पण दोन्हीकडून सिकल मिळालेली मुलं जातच राहतात. तरी पुढच्या पिढीत प्रमाण दहावरून नऊ टक्क्यांवर येतं, आणि पाच टक्क्यांवर यायला दहा पिढ्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षं लागतात. उपचारानं ती मुलं जगू लागली की ही घट आणखी मंदावते.