टॉपिक सेंटेन्स: विषयाचं नाव घेणं वेगळं, मुद्दा मांडणं वेगळं

इंग्रजीत शोधनिबंध लिहिताना परिच्छेदाच्या सुरुवातीला टॉपिक सेंटेन्स असावं, हे बहुतेकांना माहीत असतं. घोटाळा ‘टॉपिक’ या शब्दापाशीच होतो. टॉपिक म्हणजे विषय असं धरून पहिल्या वाक्यात विषयाचं नाव घेतलं जातं, आणि मुद्दा परिच्छेदाच्या तळाशी जातो किंवा कागदावर उतरतच नाही.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून ती पसरली, असं डॉक्टर जॉन स्नो यांचं म्हणणं होतं. त्यावरच्या परिच्छेदाच्या या दोन सुरुवाती पाहा. वाक्यं मराठीत दिली आहेत, कारण फरक रचनेचा आहे.

पहिली: ‘१८५४ मध्ये सोहोत कॉलऱ्याची साथ आली आणि जॉन स्नो यांनी तिचा अभ्यास केला.’

दुसरी: ‘साथ पाण्यातून पसरली या स्नो यांच्या मताला भक्कम आधार मिळतो, तो साथीच्या मधोमध असूनही वाचलेल्या ठिकाणांमधून.’

पहिलं वाक्य खरं आहे, व्याकरणातही चूक नाही. पण ते वाचून कुणी ‘कशावरून?’ असं विचारणार नाही. दुसरं वाचताच तो प्रश्न पडतो. ओळखायची खूण हीच: टॉपिक सेंटेन्सला ‘कशावरून?’ विचारता आलं पाहिजे, आणि त्याचं उत्तर त्याच परिच्छेदात मिळालं पाहिजे. ‘धिस पॅराग्राफ डिस्कसेस’ अशी सुरुवात या कसोटीवर लगेच पडते. ‘या विभागात अमुक पाहू’ अशी घोषणा विभागाच्या किंवा प्रस्तावनेच्या शेवटी शोभते, प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर नाही.

चुकीच्या सुरुवातीची किंमत पुराव्यात मोजावी लागते. पहिल्या वाक्याखाली पंप, मृत्यू कुठे झाले ते दाखवणारा स्नो यांचा नकाशा, त्यांचं शिक्षण, लंडनची गटारं असं काहीही बसतं, कारण ते वाक्य कशालाच ‘तू इथं नको’ म्हणत नाही. दुसरं वाक्य निवड करून देतं. जवळच्या पोलंड स्ट्रीटवरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात, ५३५ माणसं होती आणि त्यातली फक्त ५ कॉलऱ्यानं गेली. तिथं स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच दारूभट्टीत सत्तरहून अधिक कामगार होते आणि त्यांच्यातलं कुणीही कॉलऱ्यानं दगावलं नाही. त्यांना प्यायला बिअर मिळे, भट्टीची विहीरही वेगळी होती. एवढे दोन दाखले पुरे. स्नो यांचा प्रसिद्ध नकाशा इथं घेऊ नये, त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यावा.

आता लिंक, म्हणजे पुराव्याला मुद्द्याशी जोडणारं वाक्य. इथंही तशीच गल्लत होते. ‘म्हणून स्नो यांचं मत भक्कम ठरतं’ ही लिंक नव्हे, पहिल्या वाक्याचीच पुन्हा उजळणी आहे. पुरावा हातानं झाका. तरीही शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहिता येत असेल, तर त्यानं काहीच जोडलेलं नाही. खरी लिंक अशी: ‘या लोकांच्या आणि शेजाऱ्यांच्या श्वासातली हवा एकच होती, पाणी मात्र वेगळं होतं, त्यामुळे दूषित हवेनं रोग होतो या त्या काळच्या समजुतीनं हा फरक उलगडत नाही.’ हे वाक्य ५३५ आणि ५ या आकड्यांशिवाय लिहिताच आलं नसतं.

इंग्रजीत हे वाक्य लिहिताना नुसत्या ‘धिस’नं सुरुवात करू नका. मागे आकडे आहेत, विहीर आहे, बिअर आहे. ‘धिस’ यातलं नेमकं काय, ते वाचणाऱ्याला कळत नाही. पुढे नाम जोडून ‘धिस कॉन्ट्रास्ट’ लिहिलं की गोष्ट स्पष्ट होते. तसंच ‘देअरफोर’ लिहिलं म्हणून आपोआप दुवा तयार होत नाही. कारण वाक्यातच दिसायला हवं.

मुद्दा पुराव्यापेक्षा मोठा होऊ नये, याचंही भान हवं. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, असं टॉपिक सेंटेन्स आकर्षक दिसतं, पण साथ त्याआधीच ओसरू लागली होती. म्हणून ‘प्रूव्ह्ज’ऐवजी ‘सजेस्ट्स’ किंवा ‘सपोर्ट्स’ वापरावं.

संशोधनाची पद्धत सांगणाऱ्या परिच्छेदांना मात्र ही कसोटी लावू नये. नमुने कसे घेतले हे सांगताना सिद्ध करायचं काही नसतं; तिथं विषयाचं नाव घेणारं साधं पहिलं वाक्य पुरतं. चर्चेच्या विभागात प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य उतरवून सलग वाचा. युक्तिवाद पुढे सरकताना दिसला तर ठीक. नुसती अनुक्रमणिका वाचल्यासारखं वाटलं, तर बहुतेक वेळा हवं असलेलं वाक्य त्याच परिच्छेदाच्या शेवटी सापडतं. ते उचलून वर आणा, आणि मोकळ्या झालेल्या जागी लिंक नव्यानं लिहा.