वटवलेले बिल मुदतीला परत आले तर: बँकेच्या नोटिशीपासून दाव्यापर्यंत

माल उधारीवर दिला, तीन महिन्यांनी पैसे देण्याचे बिल ग्राहकाने सही करून स्वीकारले आणि तुम्ही ते बँकेत वटवून पैसे वापरलेही. मुदत भरली तेव्हा ग्राहकाने पैसे दिले नाहीत. अशा वेळी अनेकांना वाटते की आता वसुली बँकेनेच करायची. तसे नाही. बिल वटवताना तुम्ही त्याच्या पाठीवर सही म्हणजे पृष्ठांकन केलेले असते, त्यामुळे अनादर झाला की बँक आधी तुमच्याकडेच वळते. फक्त 'विक्रेत्यावर जबाबदारी नाही' अशा स्पष्ट अटीवर वटवलेले बिल याला अपवाद.

पहिले काम म्हणजे देय तारीख नीट मोजणे. बिल 11 जानेवारीचे आणि मुदत तीन महिन्यांची असेल, तर 11 एप्रिल येतो. त्यात सवलतीचे तीन दिवस मिळवले की 14 एप्रिल. पण तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यानुसार अशा वेळी बिल आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय होते, म्हणजे 13 एप्रिलला. (13 ला रविवार आला, तर आणखी मागे.) तारीख पुढे ढकलली जाते असे समजून बसणारे इथेच चुकतात.

त्या दिवशी बँकेने बिल ग्राहकापुढे मांडायचे आणि पैसे न मिळाल्यास तुम्हाला कळवायचे. तुम्ही त्याच गावात असाल तर नोटीस अनादराच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या हाती पडायला हवी. दुसऱ्या गावी असाल तर पुढच्या टपालाने किंवा दुसऱ्या दिवशी निघायला हवी. नोटीस तोंडीही चालते, पण लेखीच मागा आणि ती मिळाल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. बँकेने नोटीसच दिली नाही, तर तुमची जबाबदारी सहसा संपते. नोटीस न मिळाल्याने तुमचे काही नुकसान होणे शक्यच नव्हते असे ठरले, तर मात्र नाही. बिल स्वीकारणाऱ्या ग्राहकाला अशी नोटीस देण्याची कायद्याला गरज नाही. पैसे देण्याचे वचन त्याचेच आहे.

बँक बहुधा बिल नोटरीकडे नेऊन 'नोटिंग' करून घेते. बिलावर किंवा त्याला जोडलेल्या कागदावर नोटरी अनादराची तारीख, सांगितले गेलेले कारण आणि आपली फी लिहितो. देशांतर्गत बिलाला हे सक्तीचे नाही. तरी मी ते करून घ्यावे असेच सांगेन. नोटिंगवरून नोटरी 'प्रोटेस्ट' म्हणजे औपचारिक प्रमाणपत्रही देऊ शकतो, आणि ते सिद्ध झाले की विरुद्ध पुरावा येईपर्यंत न्यायालय अनादर झाला असे गृहीत धरते.

आता हिशेब. बिल 2,00,000 रुपयांचे. बँकेने 6,000 रुपये कापून 1,94,000 दिले होते. अनादर झाल्यावर ती तुमच्या खात्यातून पूर्ण 2,00,000 आणि नोटिंगचे समजा 300, असे 2,00,300 नावे टाकते. कापलेले 6,000 परत मिळत नाहीत आणि ते ग्राहकाच्या नावेही टाकता येत नाहीत, कारण पैसे लवकर हवे होते ते तुम्हाला. ग्राहकाच्या खात्याला मात्र 2,00,300 पुन्हा नावे येतात. नोंद अशी: ग्राहकाचे खाते नावे 2,00,300, बँक खाते जमा 2,00,300. बिलावर व्याजाचा दर लिहिलेला नसेल, तर देय तारखेपासून दरसाल 18 टक्क्यांनी व्याज मागता येते, म्हणजे इथे महिन्याला 3,000.

सगळ्यात महत्त्वाची पायरी यानंतरची, आणि तीच राहून जाते. बँकेने पैसे वळते करून घेतले की मूळ बिल ताब्यात घ्या. बँकेच्या नावे केलेले पृष्ठांकन रद्द करून किंवा बँकेकडून उलट पृष्ठांकन करून घ्या. बिल बँकेच्या फाइलमध्येच पडून राहिले, तर त्याच्या आधारे दावा करणारा 'धारक' तुम्ही ठरत नाही.

दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली संक्षिप्त पद्धतीने करता येतो. समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत ग्राहकाने हजर व्हायचे असते आणि बचाव मांडायला न्यायालयाची परवानगी मागावी लागते. देय तारखेपासून तीन वर्षे ही मुदत. सोबत मूळ बिल, नोटिंगचा कागद, बँकेची नोटीस, रक्कम नावे पडल्याचा खातेउतारा, आणि मूळ व्यवहार दाखवणारे विक्री बीजक व माल पोचल्याची सही ठेवा. बिलावरचा मुद्रांक आधीच तपासा. तो कमी असेल तर दंड भरूनही बिल पुराव्यात घेतले जात नाही, आणि मग बीजकाच्या आधारेच उधारी मागावी लागते.

परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 ची फौजदारी नोटीस पाठवण्यात वेळ घालवू नका. ते कलम फक्त धनादेशाला लागू आहे. ग्राहक नवे बिल देऊ करत असेल, तर त्यात 2,00,300 आणि नव्या मुदतीचे व्याज दोन्ही लिहून घ्या आणि ते स्वीकारून हाती येईपर्यंत जुने सोडू नका.