फुलपाखरे व पतंगांतील अनुकृती

फुलपाखरे आणि पतंग पक्ष्यांच्या चोचीपासून वाचतात ते दोन उलट्या वाटांनी. पहिली वाट दिसायचेच नाही, ही आहे; तिला मायावरण म्हणतात. दुसरी वाट लांबूनच नजरेत भरायचे, पण खाण्याजोगे वाटायचे नाही, ही आहे. अंगात विष असलेल्या जाती भडक रंग मिरवतात त्या यासाठीच. एका जातीने दुसरीच्या अशा इशारेवजा रूपाशी साम्य साधले की त्याला अनुकृती म्हणतात. हे साम्य कोणी ठरवून आणत नाही. थोडेफार सारखे दिसणारे जीव पिढ्यान्‌पिढ्या अधिक संख्येने वाचत गेले, की ते आपोआप घडत जाते.

मायावरणाला पार्श्वभूमी जुळावी लागते, आणि ती बदलली की रंगही बदलावा लागतो. इंग्लंडमधल्या ठिपकेदार राखी पतंगाचे, म्हणजे पेपर्ड मॉथचे, हेच झाले. दगडफुलाने मढलेल्या खोडावर त्याचे फिके रूप मिसळून जाई. कारखान्यांच्या धुरामुळे खोडे काळवंडली, तसे काळे रूप वाढत गेले. मँचेस्टरजवळ ते प्रथम नोंदले गेले १८४८ मध्ये. १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. हवा स्वच्छ होऊ लागल्यावर फिके रूप परतले. पंख मिटल्यावर हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसणारे कॅलिमा फुलपाखरूही याच वाटेचे. या वाटेची मर्यादा मोठी आहे: जीव हलला की सोंग संपले. अनुकृतीचे तसे नाही. ती उडतानाही कामी येते.

अनुकृतीचे पहिले स्पष्टीकरण हेन्री वॉल्टर बेट्स यांनी दिले. १८४८ पासून ११ वर्षे ते ॲमेझॉनच्या जंगलात कीटक गोळा करत होते. तिथे त्यांना पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळातल्या काही जाती अगदी वेगळ्या, बेचव कुळातल्या फुलपाखरांसारख्या दिसल्या. १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी मांडले की खाण्याजोगी जात बेचव जातीचे रूप घेऊन पक्ष्यांना फसवते. हीच बेट्सियन अनुकृती. यात एक अस्सल असतो आणि एक तोतया.

तोतयाचा सगळा फायदा अस्सलाच्या संख्येवर उभा असतो. पक्षी जन्मतः सगळे शिकून येत नाही. एखादे विषारी फुलपाखरू चोचीत धरून, तोंड पोळल्यावर तो ते रूप लक्षात ठेवतो. आसपास तोतयेच जास्त झाले तर त्याची पहिली गाठ रुचकर फुलपाखराशी पडते आणि तो नेमका उलटा धडा शिकतो. मग तोतयेही मरतात आणि अस्सलही. म्हणून तोतया जितका विरळ, तितका सुरक्षित.

दक्षिण आशियात सर्वत्र आढळणारे कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू या तत्त्वाचा उत्तम नमुना आहे. त्याचे नर एकाच रूपाचे: काळे, मागच्या पंखांवर पांढरट पट्टा. माद्या मात्र तीन रूपांत दिसतात. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरे सुरवंट असताना ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि तिच्यातले विष अंगात साठवतात. एका जातीच्या माद्या दोन अस्सलांत वाटल्या गेल्यामुळे कोणत्याही एका अस्सलामागे तोतयांची गर्दी कमी होते. क्रिमसन रोझची नक्कल करणारी मादी आढळते तीही मुख्यतः जिथे क्रिमसन रोझ आहे त्याच भागात. माणसाला हे सोंग ओळखता येते: रोझचे धड लाल असते, मॉरमॉनच्या मादीचे काळे. तिची ही निरनिराळी रूपे डबलसेक्स या एकाच जनुकाच्या प्रकारांवर ठरतात, हे २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे व सहकाऱ्यांनी दाखवले.

बेट्स यांना एक कोडे मात्र उलगडले नव्हते. ॲमेझॉनमध्ये बेचव जातीसुद्धा एकमेकींसारख्या दिसत. जिच्या अंगातच विष आहे तिला दुसरीचे रूप कशाला? याचे उत्तर ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले जर्मन निसर्गअभ्यासक फ्रिट्झ म्यूलर यांनी १८७९ मध्ये साध्या अंकगणिताने दिले.

समजा, एका भागात बेचव जात ‘अ’ची २,००० आणि बेचव जात ‘ब’ची १०,००० फुलपाखरे आहेत. एखादे रूप टाळायला शिकेपर्यंत तिथले पक्षी एकूण १,२०० फुलपाखरे मारतात. दोन्ही जाती वेगळ्या दिसत असतील तर प्रत्येकीला १,२०० बळी द्यावे लागतात. दोन्ही सारख्या दिसू लागल्या तर पक्ष्यांना एकच धडा पुरतो आणि तेच १,२०० बळी संख्येच्या प्रमाणात वाटले जातात: ‘अ’चे २००, ‘ब’चे १,०००. म्हणजे ‘अ’ची १,००० फुलपाखरे वाचली, तिच्या संख्येच्या निम्मी. ‘ब’ची वाचली फक्त २००, म्हणजे २ टक्के. फायदा दोघींचा आहे, पण विरळ जातीचा पंचवीसपट. संख्येचे गुणोत्तर पाच, फायद्याचे त्याच्या वर्गाइतके. त्यामुळे विरळ जात बहुसंख्य जातीच्या रूपाकडे ओढली जाते, हा म्यूलर यांच्या गणितातला सर्वांत खोल मुद्दा.

या म्यूलेरियन अनुकृतीत तोतया कोणीच नाही; सगळे भागीदार आहेत आणि शिकवणीचा खर्च वाटून घेतात. इथे गर्दी झाली तर चांगलेच. दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या हेलिकोनियस एराटो आणि हेलिकोनियस मेल्पोमेनी या दोन जाती पाहाव्यात. प्रदेश बदलला की त्यांच्या पंखांवरची लाल-पिवळी नक्षी बदलते, पण बऱ्याच ठिकाणी दोघींची एकदमच बदलते. पेरूमध्ये एका नक्षीची एराटो फुलपाखरे दुसऱ्या नक्षीच्या प्रदेशात नेऊन सोडली, तेव्हा ती तिथल्या नक्षीवाल्यांपेक्षा कमी टिकली. तिथल्या पक्ष्यांना त्यांचा इशारा ओळखीचा नव्हता. बेट्सियन अनुकृतीत एकाच जातीची अनेक रूपे फायद्याची ठरतात, म्यूलेरियन अनुकृतीत अनेक जातींचे एकच रूप. पंख बघून अंदाज बांधायचा तर हाच धागा सर्वांत उपयोगी.

तरीही नुसत्या दिसण्यावरून प्रकार ठरवू नये. उत्तर अमेरिकेतले व्हाइसरॉय फुलपाखरू मोनार्कचे तोतया म्हणून कित्येक दशके सांगितले गेले. मोनार्कचे सुरवंट मिल्कवीडची पाने खाऊन हृदयावर परिणाम करणारी विषे साठवतात. व्हाइसरॉय मात्र निरुपद्रवी मानले जाई. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पंख काढून नुसती धडे पक्ष्यांना दिली गेली, म्हणजे रंगाचा प्रश्नच उरला नाही. पक्ष्यांना व्हाइसरॉयही बेचव लागले. मोनार्कचे विषही सगळीकडे सारखे नसते. सुरवंट कोणत्या झाडावर वाढला यावर ते अवलंबून असते. दोन प्रकारांमधली सीमा त्यामुळे एका रेषेसारखी नसून उतारासारखी आहे. खरी कसोटी चव हीच.

रात्री उडणाऱ्या पतंगांना वटवाघळांपुढे रंगाचा उपयोग नाही. काही टायगर पतंग म्हणूनच आवाजाने इशारा देतात: वटवाघळाची हाक कानी पडली की ते माणसाला ऐकू न येणाऱ्या अतिउच्च स्वरात टिकटिक काढतात. २००७ मधल्या एका प्रयोगात आधी बेचव पतंगांशी गाठ पडलेली वटवाघळे नंतर टिकटिक करणाऱ्या दुसऱ्या जातींनाही टाळू लागली, मग त्या बेचव असोत वा रुचकर. म्हणजे अंधारातही भागीदार आहेत आणि तोतयेही.