वसुलीचे फोन नातेवाइकांना आणि ऑफिसात: तक्रार कोणाकडे, कशी?

बहुतेक तक्रारी कस्टमर केअरच्या फोनवरच संपतात. तोंडी तक्रारीचा कागद उरत नाही आणि पुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तोच कागद मागतो. म्हणून तक्रार लेखीच हवी, तीही कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे. कर्ज ॲपवरून घेतलं असेल तर ॲपचं नाव पुरत नाही. खरी कर्ज देणारी संस्था कोण, ते कर्जाच्या अटींचा गोषवारा देणाऱ्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये असतं. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टही, आणि पोहोच मिळाल्याची प्रिंट काढून ठेवा.

घोडं अडतं ते पुराव्यापाशी. फोन आलेला असतो सिन्नरच्या मेव्हण्याला आणि सातपूर एमआयडीसीतल्या सुपरवायझरला. कर्जदाराच्या मोबाइलवर काहीच नसतं. दोघांकडून कॉल लॉगचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. सोबत सहीचं चार ओळींचं निवेदन: 'अमुक तारखेला सकाळी ७.२० ला या नंबरवरून फोन आला, कर्जाची रक्कम सांगितली, शिवीगाळ केली.' शिवी जशीच्या तशी लिहा. 'अपशब्द वापरले' एवढ्यावर कंपनी हात झटकते. सुपरवायझर सही द्यायला कचरतो, तेव्हा निदान स्क्रीनशॉट तरी मागाच.

वसुली एजंटांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा उल्लेख करा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नाहीत; कुटुंबीय, संदर्भ म्हणून दिलेली माणसं, मित्र यांच्या खासगीपणात घुसायचं नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. एजंटांच्या वागण्याची जबाबदारीही कर्ज देणाऱ्याचीच, 'एजन्सीनं केलं' ही सबब चालत नाही. मात्र मेव्हणा जामीनदार असेल तर त्याला वसुलीचा फोन करता येतो. शिवीगाळ तरीही नाही. करारावर त्याची सही कुठल्या रकान्यात आहे, ते आधी बघा.

मागणी नेमकी लिहा. 'योग्य ती कारवाई करावी' म्हटलं की 'तक्रार बंद करण्यात आली' असं उत्तर येतं, झालं! त्याऐवजी: 'माझ्या मेव्हण्याचा आणि सुपरवायझरचा असे दोन्ही नंबर आपल्या व एजन्सीच्या नोंदींतून काढावेत, माझ्याखेरीज कोणालाही वसुलीसाठी संपर्क होणार नाही असं लेखी कळवावं, एजन्सीचं नाव द्यावं.' व्याजमाफी किंवा हप्ते कमी करण्याची विनंती या पत्रात घालू नका, उत्तर त्याचंच येतं आणि फोनचा मुद्दा बाजूला पडतो. आणि हे आश्वासन मिळालं तरी तुम्हाला स्वतःला दिवसा फोन येणारच, हप्ताही थांबत नाही.

उत्तर आलं नाही तर ३० दिवसांनी, नकार किंवा असमाधानकारक उत्तर आलं तर लगेच, cms.rbi.org.in वर लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. दिवस मोजायचे ते तक्रार कंपनीला मिळाल्यापासून. विसाव्या दिवशी अर्ज भरणारे बरेच असतात आणि तो तिथेच फेटाळला जातो.