पावातलं यीस्ट जिवंत असतं, मग पोयी व्हीगन कशी?

मैदा किंवा गव्हाचं पीठ, कोंडा, पाणी, मीठ आणि पीठ फुगवायला यीस्ट. पोयी या गोव्याच्या पारंपरिक पावात एवढंच असतं. दूध, लोणी, अंडं काही नाही. तरीही ‘यीस्ट जिवंत असतं, मग ती व्हीगन कशी?’ हा प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि विज्ञानालाही तो सोडवायला बराच काळ लागला.

गोव्यात मुळात यीस्टचं पाकीट नव्हतंच. पोर्तुगीज 1510 मध्ये आले, त्यांना पाव हवा होता, पण पीठ आंबवायला इथे हाताशी होती ती सूर, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यातून निघणारा गोड रस. माडावर चढणाऱ्या रेंदेराने उतरवलेली सूर थोड्याच वेळात फसफसू लागते, कारण हवेतलं, भांड्यातलं, फुलोऱ्यावरचं रानटी यीस्ट तिच्यातल्या साखरेवर तुटून पडतं. सोबत जिवाणूही असतात, त्यामुळे पावाला किंचित आंबूस चव येते. पोदेर, म्हणजे गोव्यातले पाव भाजणारे, पिढ्यानपिढ्या सुरेवर पीठ मळत आले. अनेक हिंदू घरांत मात्र पाव वर्ज्य होता. ‘पाव खाल्ला की बाटला’ ही समजूत होती, आणि त्यात सूर म्हणजे मद्य. त्या काळी आक्षेप पाव भाजणाऱ्याच्या धर्मावर आणि मद्यावर होता. यीस्टच्या जिवाबद्दल कुणी विचारलं नाही, कारण ते जिवंत आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

डच संशोधक लेवेनहुकने 1680 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बिअरमधले यीस्टचे गोल कण पाहिले, पण ते जिवंत आहेत हे त्याच्या लक्षात आलं नाही. 1837 च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत थिओडोर श्वान यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की हे कण वाढतात, त्यांना कोंब फुटतात आणि त्यातून नवे कण तयार होतात. श्वानने यीस्टला साखरेची बुरशी म्हटलं. पुढच्याच वर्षी त्याच अर्थाचं लॅटिन नाव पडलं, सॅकॅरोमायसीस. पावाचं यीस्ट आजही सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी म्हणूनच ओळखलं जातं.

रसायनशास्त्रज्ञांना हे मुळीच पटलं नाही. 1839 मध्ये लीबिग आणि व्होलर यांनी आपल्या नियतकालिकात एक निनावी लेख छापून श्वानच्या मताची टर उडवली. यीस्ट म्हणजे सोंड असलेले इवले प्राणी, ते साखर गिळतात, एका टोकाने मद्य सोडतात, दुसरीकडून कार्बनी वायू, आणि त्यांचं मूत्राशय शॅम्पेनच्या बाटलीसारखं दिसतं, असं त्यात रंगवलं होतं. मला हा लेख महत्त्वाचा वाटतो, कारण ‘जिवंत म्हणजे प्राणीच’ ही गल्लत त्यात ठसठशीत दिसते आणि आजच्या व्हीगन शंकेमागेही तीच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने 1857 पासूनच्या प्रयोगांनी किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, हे जिवंत यीस्टचं काम असल्याचं ठसवलं. पण 1897 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुख्नरने यीस्ट वाळूसोबत घोटून त्याचा रस काढला, आणि पेशी नसतानाही त्या रसाने साखर आंबवली. म्हणजे आंबणं ही निव्वळ रासायनिक क्रिया मानणाऱ्या लीबिगच्या बाजूनेही थोडं खरं निघालं: यीस्ट जिवंत असतं, पण आंबवण्याचं काम त्याच्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, करतात.

यीस्ट ही एक बुरशीच, आणि बुरशींना विसाव्या शतकातही बराच काळ वनस्पतींतच गणलं जाई. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ व्हिटेकरने 1969 च्या आपल्या वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र सृष्टी दिली. पुढे 1990 च्या दशकात जनुकीय तुलनांतून बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या अधिक जवळची निघाली. याचा आधार घेऊन यीस्टला प्राण्यांत ढकलणं चुकीचं आहे. दोन्ही वाटा अब्जावधी नाही तरी सुमारे अब्ज वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. यीस्टची प्रत्येक पेशी स्वतंत्र असते. तिला मज्जातंतू नाहीत, वेदना जाणवायला मेंदू नाही. व्हीगन ही संज्ञा 1944 मध्ये इंग्लंडमध्ये घडली तीच प्राण्यांकडून मिळणारे पदार्थ टाळण्यासाठी. त्यात बुरशी येत नाही. अळंबी चालते तसं यीस्टही चालतं. शिवाय भट्टीत पावाचा गाभा नव्वद अंशांच्या पुढे जातो आणि यीस्ट साठीच्या आसपासच मरतं, त्यामुळे खाताना ते जिवंत नसतंच. जैन आहाराचा विचार मात्र वेगळा आहे. तिथे सूक्ष्म जीवांचीही हिंसा मोजली जाते, म्हणून आंबवलेला पाव टाळणाऱ्यांचा आक्षेप तर्कसुसंगत आहे.

गोव्यात आता सूर महाग आणि रेंदेर कमी, म्हणून बहुतेक पोदेर कारखान्यातलं यीस्ट वापरतात. ते सहसा उसाच्या किंवा बिटाच्या मळीवर वाढवतात. तिथेही प्राण्यांचा संबंध येत नाही. खरी शंका येते ती कोरड्या इन्स्टंट यीस्टच्या पाकिटावर ‘इमल्सिफायर 491’ दिसलं तर. हे सॉर्बिटन मोनोस्टिअरेट. दाणे फार कोरडे पडू नयेत म्हणून घालतात. त्यातलं स्टिअरिक आम्ल पामतेलातूनही येतं आणि चरबीतूनही. भारतात हिरवा ठिपका असेल तर चरबीचा प्रश्न मिटतो, पण हिरव्या ठिपक्यात दूध बसतं. म्हणून पोयीपेक्षा मऊ गोड बनबद्दलच पोदेराला विचारावं: दूध किंवा लोणी घातलंय का?